दुसरा कान

छकुली झाल्यापासून नवऱ्याने तिला एकही वाक्य विचारलं नव्हतं.

आधी असं नव्हतं. दोघंही एकाच भाषाविभागात कामाला, आणि विभागाचं काम घरी यायचं ते वाक्यांच्या रूपाने. ती ओट्यापाशी कांदा चिरत असायची, तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा आणि एकेक वाक्य टाकायचा. 'मी तिला आवाज दिला', चालतं? चालतं. 'मी तिला हाक मारली'? हे काय विचारणं झालं, चालतंच. 'मी तिला हाक केली'? नाही चालत. कांद्याने डोळ्यांतून पाणी वाहत असायचं, पण उत्तर द्यायला तिला क्षणही लागायचा नाही. नवरा तिला कानसेन म्हणायचा. तानसेन ती नव्हतीच. गुणगुणायला लागली तरी सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

विभागात एक कोश तयार होत होता. 'मदत करणे', 'वाट पाहणे', 'धीर देणे' अशा जोड्यांचा. अर्थ सगळा नामात असतो, आणि क्रियापद बिचारं हमालासारखं ओझं उचलायला येतं. धीर दिला म्हणताना हातातून काही जात नाही. हाक मारली, मिठी मारली, गप्पा मारल्या, कुणाला खरचटतही नाही. त्यातली गंमत अशी की कुठल्या नामाला कुठला हमाल मिळेल ते प्रत्येक भाषा आपापलं ठरवते. हिंदीवाले इंतज़ार करतात, बंगालीवाले अपेक्षा करतात, आपण मात्र वाट पाहतो. शेजारशेजारच्या भाषांमधल्या या जोड्या सारख्याच कसोट्या लावून तपासायच्या, असं ते काम. ज्याने वाक्यं करायची तो पहिला कान. ज्याने ती मागचं-पुढचं काही न विचारता ऐकायची आणि बरोबर, चूक किंवा प्रश्नचिन्ह अशी खूण करायची, तो दुसरा. बाळंतपणाच्या रजेवर जाताना विभागप्रमुख मॅडमनी तिला एवढं एकच काम ठेवलं होतं. म्हणाल्या, घरी बसून दुसरा कान हो, तेवढा तरी संबंध राहील.

वाक्यं करायला तिच्या जागी एक मुलगी आली. विभागात सगळे तिला 'नवी' म्हणत, आणि नवराही घरी तेच म्हणे. सुरुवातीला तिला त्याचं बरंच वाटलं. नुसतं नवी म्हटलं की माणूस टेबल-खुर्चीसारखं वाटतं. त्याच्याविषयी काही वाटून घ्यायला नको.

मग एका संध्याकाळी छकुलीला मांडीवर घेऊन ती दूध पाजत होती. बाहेरच्या खोलीत नवऱ्याचा फोन चालू होता. "'मी त्याला शब्द दिला' चालतं, मग 'मी त्याला शब्द केला' का नाही?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. नवरा मनापासून हसला आणि म्हणाला, "वा, कानसेन."

दूध पिता पिता छकुलीने मान वर करून पाहिलं. आईचं अंग का आखडलं ते तिला कळलं नसावं. ती परत प्यायला लागली.

त्याला विचारायचं तिने ठरवलं, आणि विचारलं नाही. काय विचारणार? तू दुसऱ्या बाईला वाक्यं विचारतोस? सासूबाईंच्या कानावर गेलं असतं तर त्या हसून हसून खाली बसल्या असत्या. बाकी नवऱ्यात नाव ठेवायला जागा नव्हती. लंगोट तो बदलायचा, भांडी तो लावायचा, सकाळी छकुलीला कडेवर घेऊन गॅलरीतल्या कुंड्या दाखवायचा. तिच्याकडे यायचा तो दबक्या पावलांनी, आजाऱ्याच्या खोलीत यावं तसा. "पडतेस का जरा?" एवढंच. छकुली झाल्यापासून तिच्यासाठी त्याच्याकडे हे एकच वाक्य उरलं होतं. ते चालत होतं, यात शंका नव्हती.

त्यानंतर नवी तिला जिथे-तिथे दिसायला लागली. नवरा हल्ली चहात साखर कमी घेऊ लागला, तर हे कुणी शिकवलं? त्याने निळा शर्ट लागोपाठ घातला, तर निळाच का? 'अगदी' हा शब्द तो आधी इतका वापरायचा का? कानाचं काम करणाऱ्या बाईला संशय आला की असाच येतो. तिने कॉलरचा वास घेतला नाही की खिसे तपासले नाहीत. ती नवऱ्याच्या बोलण्यातले शब्द मोजत बसली.

सासूबाईंना सुगावा लागला असावा. एकदा छकुलीचे कपडे घडी करता करता त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "ती नवी मुलगी कशी आहे गं दिसायला?"

"मी कुठे पाहिलंय तिला, आई."

"मग बरंय," त्या म्हणाल्या, "न पाहिलेली बाई कधीच दिसायला वाईट नसते." आणि टोपडं झटकून बाजूला ठेवलं.

याच सुमाराला विभागातून वाक्यांचा नवा संच आला. वाक्यं नवीने केलेली. छकुली झोपली होती. ती पेन घेऊन खिडकीपाशी बसली. आज कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं, म्हणून पहिलं पान तिने मन लावून केलं. पहिल्या पानावर वस्तू होत्या. 'मी खोली साफ केली.' 'मी रस्ता साफ केला.' खोली असली की केली, रस्ता असला की केला; साफ तसाच राहतो आणि क्रियापद वस्तूकडे पाहून बदलतं. 'मी पुस्तक खरेदी केलं.' 'मी पुस्तकाची खरेदी केली.' पहिल्यात क्रियापद पुस्तकाचं ऐकतं, दुसऱ्यात खरेदीचं. दोन्ही बरोबर. वाक्यं चोख होती. मुलीला काम येत होतं, आणि तेही तिला टोचलं.

दुसऱ्या पानावर माणसं होती.

मी त्याची वाट पाहिली.
मी त्याची आठवण काढली.
मी त्याची काळजी घेतली.
मी त्याची समजूत काढली.
मी तिचा हेवा केला.
मी तिचा राग केला.
मी त्याचं कौतुक केलं.
मी त्याच्यावर प्रेम केलं.

तिने पान खाली ठेवलं. परत उचललं. ही काय कसोटी होती? ही तर कुणाची तरी डायरी होती. हा 'तो' कोण, ते सांगायला नको होतं. आणि जिचा हेवा केला ती 'ती', हातात पेन धरून, केसांत दुधाचा वास घेऊन, खिडकीपाशी बसली होती. या कामातल्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: उदाहरणं हवेतून येत नाहीत. समोर जे असतं तेच वाक्यात उतरतं. तिच्या स्वतःच्या जुन्या वाक्यांत कुकर होता, गळका नळ होता, सासूबाईंचा चष्मा होता. मग या मुलीच्या समोर काय होतं? कोण होतं?

'मी त्याची वाट पाहिली' या वाक्यापुढे तिने फुली मारली. म्हणजे चालत नाही. मराठीत असं कुणी म्हणत नाही. मग आठवणीपुढे फुली. काळजीपुढे फुली. फुली मारायला इतकं बरं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. प्रेमापुढे पेन इतकं दाबलं की कागद फाटला. हेव्याचं वाक्य तेवढं तिने सोडलं. त्यापुढे बरोबर अशी खूण केली, आणि पाकीट नवऱ्याच्याच पिशवीत घातलं.

मॅडमचा फोन आला तेव्हा ती छकुलीला भरवत होती. मॅडम म्हणाल्या, "बाई गं, 'वाट पाहिली' चालत नाही? मग आपण सगळ्या जणी इतकी वर्षं काय करत होतो?" आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्तच लाज वाटली. दोन कानांचं इतकं बिनसलं की विभागाची रीत ठरलेली होती. दोघांनी एका खोलीत समोरासमोर बसायचं. पहिल्याने वाक्य मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. तिसरं कुणी खोलीत नको, कारण तिसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून कान फिरतो. बाळ लहान, तेव्हा नवीलाच घरी पाठवते, असं मॅडमनी परस्पर ठरवून टाकलं.

त्या दिवशी तिने केस धुतले. ठेवणीतला कुर्ता काढला, खांद्यावर छकुलीने दूध काढलं म्हणून बदलला, दुसऱ्यावरही काढलं, तेव्हा नाद सोडला. नवऱ्याला नियमाप्रमाणे बाहेर घालवायचं होतं. दूध आणतो म्हणत तो छकुलीला बाबागाडीत घालून निघाला. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांना तिसरं माणूस धरायचं की नाही याबद्दल विभागाचा नियम काही सांगत नव्हता.

नवी आली. ठेंगणी, चष्मेवाली, नाक सर्दीने लाल झालेलं. चपला दारातच नीट जोडून ठेवल्या आणि विचारलं, "ताई, बसू?" तिने मनात जी उंच, निळ्या कपड्यांतली बाई हिंडवली होती तिचा हिच्याशी काही संबंध नव्हता. तरी मत्सर कमी झाला नाही. त्याला धरायला रूप लागत नव्हतं. ही मुलगी रोज वाक्यं ऐकत होती, तेवढं पुरेसं होतं.

नवीने कागद काढला, नाक पुसलं आणि सपाट आवाजात वाचलं, "मी त्याची वाट पाहिली."

उत्तर तिथल्या तिथे द्यायचं होतं, आणि ते जिभेवर येऊन अडलं होतं.

"अजून पाहतेच आहे मी," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "दूध आणतो म्हणून गेलाय तो गेलाय."

नवीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, पण समोर पाहून तिने ते आवरलं. पुढचं वाक्य वाचायला मान खाली घातली, तेव्हा हिने तिला हाताने थांबवलं.

"नको वाचूस. चालतात ती सगळी. फुली मारली तेव्हाही मला माहीत होतं."

"मग?"

"मला वाटलं, तू माझ्या नवऱ्याबद्दल लिहिलंयस."

नवीने चष्मा काढला. पुसायला काही नव्हतं तरी पुसला. तो परत लावून ती म्हणाली, "ताई, ही तुमच्याच नियमाने केलीत."

मग तिने नियम सांगितला, आणि तो ऐकताना हिला आपलंच जुनं पत्र कुणीतरी वाचून दाखवावं तसं वाटलं. कर्ता नेहमी 'मी' घ्यायचा, कारण 'मी' शब्दावरून बाई की बुवा ते कळत नाही. नाम स्त्रीलिंगी असेल, वाट, आठवण, काळजी, तर दुसरं माणूस पुरुष घ्यायचं. म्हणजे 'पाहिली'तली ली वाटेचीच आहे, माणसाची नाही, हे कुणालाही स्वच्छ दिसतं. नाम पुल्लिंगी असेल, हेवा, राग, तर माणूस बाई घ्यायचं. हे सगळं हिनेच, पोट दिसायलाही लागलं नव्हतं तेव्हा, विभागाच्या बैठकीत मांडलं होतं. मॅडमनी मान डोलावली होती. नवऱ्याने परतताना रस्त्यात तिचं कौतुक केलं होतं. जगात त्याची वाट पाहायची आणि तिचा हेवा करायचा ही सोय तिने स्वतः करून ठेवली होती, आणि विसरली होती.

"मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय," नवी म्हणाली. मग तिचा आवाज जरा चढला. "खरं सांगू? न बघताच मला तुमचा कंटाळा आला होता. कुठलंही वाक्य अडलं की सर म्हणतात, ती असती तर एका फटक्यात सांगितलं असतं. मी चार घरी फोन करते, आजीला विचारते, मावशीला विचारते, मग सांगते. तुम्ही म्हणे कांदा चिरताना सांगायच्या."

"मग मलाच विचारायचं ना त्याने."

"ते मी कसं सांगू?" नवी म्हणाली.

स्वयंपाकघरातली खुडबूड थांबली होती. सासूबाईंनी श्वाससुद्धा रोखला असावा.

हिची नजर परत कागदावर गेली. नियमाने वाटेचं स्पष्टीकरण दिलं, हेव्याचंही दिलं. पण प्रेम आणि कौतुक ही नपुंसकलिंगी नामं. तिथे नियम काहीच म्हणत नाही. 'तो' घ्या नाहीतर 'ती' घ्या. तिथे नवीने आपल्या मनाने 'तो' घेतला होता. विचारावं असं ओठावर आलं. नवी कागदाचा कोपरा नखाने दुमडत होती आणि तिचे कान नाकाइतकेच लाल झाले होते. सर्दीने कान लाल होतात का? हिने विचारलं नाही. या एका बाबतीत खात्री करून घ्यायची नाही असं तिने ठरवलं, आणि ते सोपं नव्हतं.

"समोरासमोर मिटलं असं लिहूया," नवी हळूच म्हणाली. "तेवढ्या फुल्या खोडायच्या. तुम्ही दमला होतात, नजरचूक झाली. कोण विचारतंय."

हे खरंच होण्यासारखं होतं. फुल्या खोडल्या असत्या तर संच राहिला असता, आणि दुसरा कान म्हणून ती राहिली असती. संच गेला तर तीही गेली. मग तिच्याकडे लंगोट, भरवणं आणि 'पडतेस का जरा' एवढंच उरणार होतं. तिने त्या आठ वाक्यांकडे पाहिलं. ज्या कानाने राग धरून फुली मारली, त्याने पहिल्या पानावर काय केलं असेल याची तिलाच खात्री देता येईना. खोली साफ झाली तिथेसुद्धा तिला टोचलंच होतं की.

"नाही," ती म्हणाली. "माझा सगळा संच बाद कर. कारण लिही, कान फितूर."

"असं लिहू?"

"लिही. मॅडमना कळेल."

नवीने लिहिलं. सासूबाई चहा घेऊन आल्या, आलं जरा जास्तच टाकलेला, आणि नवीपुढे कप ठेवत म्हणाल्या, "घे गं, घसा बसलाय तुझा. ही मनाने वाईट नाही. झोप नाही हिला."

नवरा परतला तेव्हा नवी गेलेली होती. दूध आणायचं तो विसरला होता. छकुली गाडीत झोपली होती. तिने त्याला सगळं सांगितलं, फाटलेल्या कागदासकट. तो आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून थांबला.

"तिला कानसेन का म्हणालास?"

त्याला आठवावं लागलं. आठवलं तेव्हा तो वरमला. म्हणाला, तोंडातून गेलं. मग म्हणाला, "तू वाक्य संपायच्या आत झोपायचीस गं. एकदा मी 'मी तिला' म्हटलं आणि बघतो तर तू घोरतेयस. मला वाटलं, हिला आणखी कामाला कशाला लावायचं."

"तू विचारणं बंद केलंस त्याने मला, जागरणाने दमवलं नाही तेवढं, त्याने दमवलं," ती म्हणाली, आणि ते वाक्य इतकं अडखळत निघालं की तिलाच ते परत जुळवावं लागलं. "दमलेलीला विचार. झोपले तर झोपले. पण मला सोडून दुसऱ्याला विचारायचं ते मला विचारून झाल्यावर."

त्याने गाडी हलकेच भिंतीकडे लावली. "मी चुकलो," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि ते पुरलं.

मॅडमनी 'कान फितूर' वाचून फोन केला. संच बाद केला आणि दुसरा कान म्हणून एका निवृत्त शिक्षकांना घेतलं. मग मॅडम म्हणाल्या, वाक्यं करायला ये, आठवड्यातून दोन सकाळी, विभागातच ये. घरी बसून माणसांची वाक्यं करू नयेत, घरची माणसं आत शिरतात. नवीबरोबर बस आणि दोघी मिळून करा.

ती गेली. नवीने आपलं टेबल सरकवून तिला खिडकीकडची बाजू दिली. दोघी 'देणे'च्या वाक्यांना लागल्या. धीर, शब्द, शाप, साथ. सुरुवातीला दोघीही फार सांभाळून बोलत होत्या. मग 'मी शेजाऱ्याला साथ दिली' आणि 'मी शेजाऱ्याला सोबत दिली' या वाक्यांवरून जुंपली. नवी म्हणे, साथ वेगळी आणि सोबत वेगळी; ही म्हणे, हमाल दोन्हीकडे तोच आहे ना, मग दोन्ही वाक्यं ठेवू. दोघींचे आवाज चढले, आणि मॅडमनी आतून दार लोटून घेतलं. भांडताना तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

मधल्या सुट्टीत तिने घरी फोन केला. आजची सकाळ नवऱ्याने घरी थांबून सांभाळायची, असं ठरलं होतं. फोन सासूबाईंनी उचलला. छकुली दूध प्यायली, खेळली, आणि आत्ता बाबाच्या पोटावर झोपली आहे, असं त्यांनी सांगितलं.

"रडली का माझ्यासाठी?"

"छे गं, अजिबात नाही. तू निश्चिंत राहा."

ती निश्चिंत राहिली नाही. फोन ठेवून ती थोडा वेळ जिन्यातच उभी राहिली. मुलगी बापाच्या पोटावर गाढ झोपलेली तिला डोळ्यांसमोर लख्ख दिसत होती, आणि ज्या माणसाच्या बाबतीत इतके दिवस जीव जळला, त्याच माणसाचा आता तिला मनापासून हेवा वाटत होता.